जोडीतली दुसरी खुर्ची

नवरा गेल्यानंतर जुन्या फर्निचरचं दुकान बंद करावं असं मुलीचं म्हणणं होतं. ती हैदराबादला असते. मी बंद केलं नाही. बंद केलं तर दिवसभर करायचं काय, हा साधा प्रश्न होता. कुंभकोणममध्ये घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच उरलो होतो, आता मी एकटी. बाहेर तमिळ, मुलीशी फोनवर अर्धं तमिळ आणि अर्धं इंग्रजी. माझं मराठी मग खुर्च्या-टेबलांशीच. एखादं टेबल उलटं करून मी त्याच्याशी मोठ्यानं बोलते, की बघू, पोटात काय आहे तुझ्या.

पोट बघायची सवय नवऱ्यानं लावली. तो म्हणायचा, वस्तू आधी उलटी करायची, मग सुलटी बघायची. हल्ली नवीन माल बनवून त्याला बूटपॉलिश चोळतात, चहाच्या पाण्यानं रंगवतात आणि पन्नास-साठ सालचा म्हणून विकतात. वरून सगळं खरं दिसतं. वेताची खुर्ची असेल, तर चौकटीला ओळीनं भोकं पाडून वेत हातानं विणलाय, की तयार विणलेली जाळी खाचेत दाबून वर पट्टी ठोकली आहे, ते बघायचं. तयार जाळी म्हणजे नकलीच असं नाही, तीही त्या काळात होती. म्हणून एका खुणेवर कधी थांबायचं नाही. चार खुणा एकच गोष्ट सांगायला लागल्या की मान डोलवायची.

गेल्या वर्षी थंडीत मला एक फोन आला. बोलणारा माणूस म्हातारा होता आणि आमचं जुनं तंजावरी मराठी बोलत होता. ते कानावर पडल्यावर मी हातातलं काम खाली ठेवलं. दारासुरमच्या रस्त्याला त्यांचं घर होतं. मुलगी परदेशी, घर विकायचं ठरलेलं, आणि ते स्वतः श्रीरंगमच्या एका वृद्धाश्रमात जाणार होते. सासऱ्यांनी करवून घेतलेलं फर्निचर होतं, लग्नात बायकोबरोबर आलेलं. त्याचं काय करायचं ते येऊन सांग, म्हणाले.

मी स्कूटरवरून गेले. घर मी येताजाता बाहेरून पाहिलेलं होतं: गोलाकार सज्जा, त्यावर आडव्या तीन रेघा, आणि गेटच्या जाळीत उगवत्या सूर्याची किरणं. त्या ढंगाला आर्ट डेको म्हणतात. चाळीस सालापासून पुढे वीसेक वर्षं आमच्याकडच्या थोड्याफार पैसेवाल्यांनाही त्याचं वेड लागलं होतं. फोन करणारे मामा दारातच उभे होते. वय अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना पहिल्या भेटीपासून मामाच म्हणत आले. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं स्वयंपाक करणारी एक तमिळ बाई होती, तीही जवळजवळ त्यांच्याच वयाची. तिनं कॉफी आणून दिली.

मागची खोली पुढच्या दिवाणखान्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होती. तिथं कपाट होतं आणि तीन आरशांचं ड्रेसिंग टेबल. दोन्ही भरीव बर्मा सागवानाची, कोपरे गोल केलेले, आरशांच्या कडेला पाऱ्यावर तपकिरी ठिपके आलेले. खण बाहेर ओढला तर सांधे हातानं कापलेले, एकही दुसऱ्यासारखा नाही. मला आनंद झाला. असं सामान आता क्वचित मिळतं. कपाटाच्या पायांवर वीतभर उंचीला एक काळसर आडवी रेघ होती, ड्रेसिंग टेबलाच्या पायांवरही तेवढ्याच उंचीला. कधीतरी खोलीत पाणी साचलं होतं. मामांना ते आठवत नव्हतं.

मग ते मला दिवाणखान्यात दोन खुर्च्या दाखवायला घेऊन गेले. रुंद, सपाट हातांच्या, दोन्ही बाजू ढगासारख्या वळवलेल्या, हातांच्या कडेला तीन गडद पट्ट्या. एक खिडकीशी होती, ती मामींची. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिच्यावर कोणी बसत नसे. दुसरी समोर, मामांची. तिची जागा आधी खालच्या खोलीत कपाटाशेजारी होती, पायऱ्या उतरवेनात म्हणून वर आणलेली. मामा म्हणाले, "ही जोडी मोडू नको. एका घरात जाऊ दे."

पाँडिचेरीला जुनं घर घेऊन हॉटेल करणाऱ्या एक बाई माझ्याकडून माल घेत असत. त्यांना अशीच जोडी हवी होती. मी मामींची खुर्ची उलटी केली. तागाच्या पट्ट्या, त्यावर स्प्रिंगा, वर काथ्या. स्क्रूंच्या डोक्यावर एकच खाच. वरून शिसवीच्या लाकडाचा पापुद्रा, म्हणजे व्हेनियर, सरसानं चिकटवलेला आणि हल्लीच्या पापुद्र्यापेक्षा चांगला जाड. हाताच्या पट्ट्या म्हणजे लाकडात बसवलेलं दुसरं लाकूड होतं, बोटाला सांधा लागत होता. मग मामांची उलटी केली.

गादीखालच्या पट्ट्या रबराच्या होत्या आणि वर फोम. तेवढ्यानं काही ठरत नाही, गादी कोणीही बदलतं. पण चौकटीतले स्क्रू चांदणीच्या, म्हणजे हल्लीच्या फुलीसारख्या खाचेचे होते, आणि त्याआधीच्या दुसऱ्या भोकांचा मागमूस नव्हता. पापुद्रा कागदासारखा पातळ. एका सांध्यातून हल्लीच्या पांढऱ्या गोंदाचा ओघळ आलेला. हातावरच्या तीन पट्ट्या खाच पाडून काळ्या रंगानं भरलेल्या होत्या. झीज मात्र खरी होती. उजवा तळवा टेकतो तिथलं पॉलिश पार गेलेलं. खुर्ची जुनी होती, पण त्या काळातली नव्हती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कोणीतरी दुसरीवरून मापं घेऊन, मन लावून ती केली होती. पायांवर पाण्याची रेघही नव्हती.

गप्प राहावं असं मला वाटलं. पण जोडी म्हणून विकली असती तर पाँडिचेरीच्या बाईंना मी फसवलं असतं, आणि नुसतीच नाही म्हटलं असतं तर मामांनी कारण विचारलं असतं. मी सांगितलं. एकेक खूण दाखवून, शक्य तितक्या हळू.

त्यांनी खुर्चीच्या हातावरच्या काळ्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी या खुर्चीवर बसूनच मुलीचं लग्न ठरवलं. माझी नाही म्हणतेस ही?"

"तुमचीच आहे, मामा. लग्नातली नाही, एवढंच."

त्यांनी स्वयंपाकाच्या बाईला हाक मारली आणि तमिळमध्ये विचारलं, ही खुर्ची कधी आली. ती आधी नाही नाही म्हणाली. मग पदरानं हात पुसत दाराशीच बसली आणि सांगू लागली. मामांची नोकरी उत्तरेत होती, वर्षातून एकदा ते सुट्टीवर यायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका पावसाळ्यात कालव्याचं पाणी मागच्या खोलीत शिरलं आणि दोन दिवस राहिलं. भरीव सागवान टिकलं. मामांच्या खुर्चीचा सरस विरघळला, शिसवीचे पापुद्रे सोलून निघाले, बाजू उकलल्या. मामी वाळवायला म्हणून ते तुकडे गच्चीवर घेऊन गेल्या, पण त्यातून काही उभं राहिना. मग गावातल्या एका सुताराला बोलावून त्यांनी आपली खुर्ची मापाला दिली. सुतार दोन महिने येत होता. हातांवर लाकडाच्या पट्ट्या बसवायचं काम त्याला जमेना, तेव्हा त्यानं रंग भरला. त्यावरून मामी त्याच्याशी भांडल्या होत्या. मामा सुट्टीवर आले तेव्हा खुर्ची जागेवर होती. त्यांना सांगायचं नाही, असं मामींनी या बाईला बजावलं होतं.

मामांनी विचारलं, का सांगायचं नाही.

बाई म्हणाली, "चार दिवसांसाठी येतात, आल्या आल्या नुकसानीचं काय ऐकवायचं, असं म्हणायच्या."

मला तिथं बसवेना. उठून मी ड्रेसिंग टेबलाचे फोटो काढायला खाली गेले, काढून झालेले होते तरी. वरून मामांचा आवाज येत होता. त्या पावसाबद्दल ते एकेक विचारत होते: रात्री ती कुठं झोपली, पाणी कोणी उपसलं, ताप आला होता का. बाई उत्तरं देत होती. मला माझा नवरा आठवला. महिन्यातले पंधरा दिवस तो कारैकुडीकडच्या घरांतून माल बघत फिरायचा. परत आला की मी त्याला त्यानं आणलेल्या मालाबद्दल विचारायचे. तो मला काय विचारायचा आणि मी काय सांगायचे, ते आता मला आठवेना.

निघताना मामा म्हणाले, कपाट, टेबल, खिडकीतली खुर्ची, सगळं ने.

मी म्हटलं, "मामींची खुर्ची ठेवा. खरी तीच आहे."

"ती तिच्या बापानं केली," ते म्हणाले. "ही तिनं."

पाँडिचेरीच्या बाईंनी कपाट आणि ड्रेसिंग टेबल आनंदानं घेतलं. एकटी खुर्चीही घेतली. जोडीची दुसरी कुठं मिळेल का, असं विचारलं, तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. टेम्पो भरायला मी स्वतः गेले होते. सामान गेल्यावर खालच्या खोलीत फरशीवर कपाटाच्या पायांचे चार फिके चौकोन उरले. मामा ते बघत उभे राहिले आणि मग मला म्हणाले, येत जा, आपलं बोलणं होत नाही कुणाशी.

मामा आश्रमात राहायला गेल्यावर मी जमेल तेव्हा बसनं श्रीरंगमला जाऊ लागले. आश्रमाच्या खोलीत एक पलंग, एक लोखंडी कपाट, आणि ती खुर्ची. जागा इतकी कमी, की खुर्चीला वळसा घालूनच पलंगावर बसता यायचं. व्यवस्थापकांनी ती काढून प्लास्टिकची द्यायचं म्हटलं होतं. मामांनी ऐकलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, ही माझ्या बायकोनं करवून घेतली. मला त्या पावसाळ्याबद्दल पुन्हा पुन्हा सांगत, जणू ते तेव्हा घरीच होते.

उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा ते खुर्चीत बसल्याबसल्या झोपले होते, बारीक घोरत. उजवा हात नेहमीच्या जागी. मी उठवलं नाही. पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसले. आपल्या मराठीत बोलायचं म्हणून वाटेत मनात बरंच काही जुळवून आणलं होतं, दुकानात आलेल्या एका साठ सालच्या टेबलाबद्दल. मग त्यांच्यासाठी आणलेला डबा पलंगाशेजारी ठेवला आणि आश्रमातल्या बाईला सांगून निघाले. कुंभकोणमची बस लगेच मिळाली. खिडकीची जागाही मिळाली. शेजारी कोणी बसलं नाही.