पाठीमागचा हात

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. बडोद्यातल्या स्वयंपाकघरात उभी राहून बिजल तिसऱ्यांदा तीच ओळ खोडत होती. जुनागढला मम्मी साडेसातला पूजा आटोपून फोन हातात घ्यायची. त्याच्या आत मम्मी-पप्पांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो आणि मजकूर घरच्या ग्रुपवर जायला हवा होता.

गेल्या वर्षी तिने पप्पांच्या घोरण्यावर लिहिलं होतं. सगळे हसले. मम्मी एवढंच म्हणाली होती, "दरवर्षी तुझे पप्पाच. मी नुसती बाजूला उभी."

यंदा बिजलने मुद्दाम लग्नानंतरच्या महिन्यातला, गिरनारच्या पायऱ्यांवरचा फोटो शोधला होता. पण त्यातही पंचाईत. कॅमेरा मोटाकाकांच्या, म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाच्या हातात. थोरल्या दिरासमोर चेहरा झाकायचा, म्हणून मम्मीचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. शेजारी पप्पा एक हात पाठीमागे घेऊन पुतळ्यासारखे ताठ.

'सदतीस वर्षं झाली, मम्मी अजून पदराआडून हसतेय.' चांगलं होतं, पण यात मम्मीने केलं काय? 'मोटाकाकांनी मम्मीचा चेहरा टिपलाच नाही' असं लिहिलं, तर ग्रुपवर आधी मोटाकाकाच रुसायचे. पूजा चालू असेल हे ठाऊक असूनही शेवटी तिने मम्मीला फोन लावला.

"मम्मी, गिरनारला पप्पा असे अकडून का उभे होते गं?"

"अकडून कसले! माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी म्हटलं, राहू दे, अनवाणी चढते. तर ऐकतात कुठे! चप्पल उचलली, आणि तुझ्या मोटाकाकांनी कॅमेरा काढला तशी पाठीमागे लपवली. बायकोची चप्पल हातात दिसली असती, तर घरी महिनाभर ऐकावं लागलं असतं."

"आणि तू?"

"मी? पदराच्या आत हसून हसून पोट दुखलं माझं."

"हे लिहू?"

पलीकडे घंटी वाजली. मम्मी पूजेतच होती.

"लिही. पण डावी चप्पल म्हण. आणि मी पुढे वर दत्ताच्या शिखरापर्यंत एका चपलेनं गेले, तेही लिही. तुझे पप्पा वाटेतल्या अंबाजीच्या देवळाशीच बसले होते."

मग मात्र बिजलची बोटं भराभर चालली. नावं काढली, विशेषणं काढली, 'आदर्श जोडपं' काढलं. उरलं ते असं:

'सदतीस वर्षांपूर्वी पप्पांनी पाठीमागे काय लपवलं होतं? मम्मीची तुटलेली डावी चप्पल. पदराआड मम्मी हसतेय. यानंतर ती एका चपलेनं दत्तापर्यंत गेली. पप्पा दुसरी चप्पल सांभाळत अंबाजीलाच बसले. अजूनही पुढे तीच असते, आणि सामान पप्पांकडे.'

सात पंचवीसला तिने ते पाठवलं. पप्पांनी नुसतं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. त्याखाली मोटाकाकांचं उत्तर आलं: "चप्पल मला तेव्हाच दिसली होती. म्हणून तर फोटो काढला."

मम्मीने सातच मिनिटांत तो मजकूर माहेरच्या ग्रुपवर पाठवला, मग भजनमंडळाच्या. पप्पांना एवढंच सांगितलं, उद्या गुरुवार आहे. संध्याकाळी सात वाजता भाजीबाजार, दोन पिशव्या घ्या.

गुरुवारी पिशव्या पप्पाच उचलतात.