वडगावची मिरची, कोल्हापूरचा दर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारल्याशिवायही सांगते. आबा सातवीपर्यंत शिकलेले, आई त्याच्याही आत थांबलेली. मी बी.कॉम. झाले, तेही पहिल्या वर्गात. निकाल लागला तेव्हा आबांनी हार आणला आणि टेम्पोला घातला. पोरीला का नाही, असं आईनं विचारलं तर म्हणाले, "फी कुणी भरली? टेम्पोनंच की."

तर त्याच टेम्पोचं गिऱ्हाईक एका रविवारी आमच्या दारात आलं. आबा टेम्पो विकून मोठा ट्रक घ्यायला निघाले होते, आणि ट्रकचे हप्ते ते ज्या धंद्याच्या जिवावर भरणार होते, तो धंदा मीच शोधून काढलेला होता.

आबा भाजीपाल्याची भाडी मारतात. दिवसभर या बाजारातनं त्या बाजारात, त्यामुळं रात्रीच्या जेवणाला ते बातम्यांसारखे दर सांगतात. आम्ही ऐकतो आणि विसरतो. पण त्या रविवारच्या बऱ्याच आधी एका रात्री ते म्हणाले, "वडगावात हिरवी मिरची दहा किलोला तीनशेनं गेली बग. आणि हितं मार्केट यार्डात चारशे वीस. तीच मिरची, तेवढीच तिखट."

माझा घास हातातच राहिला. कर्नाटकाकडनं कोल्हापूरला येणारी मिरची पावसानं अडकली होती, आणि वडगावच्या बाजूची सगळी एकदम तोडणीला आलेली. भाडं, हमाली, अडत, वाटेतली घट असं सगळं धरून मी हिशेब केला. दहा किलोला पन्नासच्या आतबाहेर खर्च. वर सत्तर रुपये नुसते लोंबकळत होते.

मी काही उडी मारली नाही. दुसऱ्या दिवशी वडगावच्या बाजाराला उभी राहिले आणि आधी कोल्हापूरच्या ओळखीच्या अडत्याला फोन लावला.

"मिरची पाठवते. काय दरानं घ्याल?"

"ताई, माल बगितल्याबिगर कसं सांगू? हाय कुठं मिरची?"

"वडगावात."

"टेम्पोत भरली?"

"अजून घेतली नाही. तुम्ही दर सांगा, मग घेते."

त्यानं मागं कुणालातरी दर विचारला. मग म्हणाला, "चारशे पंधरा. माल हिरवागार पायजे." मी फोन ठेवला आणि तीनशेनं माल घेतला. आधी विकायचं, मग घ्यायचं. दोन्ही दर हातात असताना मधे नशिबाला जागाच ठेवायची नाही. ह्या प्रकाराला आमच्या पुस्तकात एक लांबलचक नाव होतं. आईनं त्याला दुसरं नाव दिलं. "जवळ नसलेली वस्तू विकलीस? पोलीस येतील दारात."

पोलीस आले नाहीत, पैसे आले. पुढच्या बाजारालाही आले. मग आबांच्या डोक्यात ट्रक शिरला.

"एवढ्याशा टेम्पोत एवढं, तर ट्रकात किती?" ते आईला विचारत होते, पण बघत माझ्याकडं होते. गारगोटीकडच्या एका पावण्याला टेम्पो बघायला रविवारी या म्हणून सांगूनही झालं होतं.

मी म्हटलं, "आबा, ही फट राहणार नाही. आपण वडगावात घेतो म्हणजे तिथं मिरची कमी होते, दर चढतो. इथं आणून ओततो म्हणजे इथला उतरतो. आणखी चार जण आले की दोन्ही दर जवळ येणार. शेवटी न्यायच्या-आणायच्या खर्चाएवढाच फरक उरणार."

"मग आतापातूर का मिटली न्हाय?"

"मिटवायला आपणच तर निघालोय."

"कवा मिटंल?"

"लोकांना कळंल तेव्हा. दर तर सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. फक्त कुणी दोन्ही एका जागी ठेवून बघितले नाहीत अजून."

आबांनी विचार केला. "मग सांगायचंच न्हाय कुणाला," ते म्हणाले, आणि आईकडनं, माझ्याकडनं तसा शब्द घेतला. स्वतः गळ्याला चिमटा धरून शपथ घेतली.

दोन दिवसांनी मी कोपऱ्यावर दळण आणायला गेले तर चौकात माझंच तोंड लागलेलं. आमच्या गावात वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, म्हशीनं स्पर्धा जिंकली तरी फ्लेक्स, हे मला ठाऊक आहे. पण दहा फुटांचा, पदवीच्या झग्यातला माझा फोटो, आणि मागं मिरच्यांचा ढीग. फ्लेक्सवाल्याकडं हिरव्या मिरचीचं चित्र नव्हतं म्हणून लाल टाकलेल्या. खाली ठळक अक्षरांत: वडगावची मिरची कोल्हापुरात विकून व्यापारात गरुडझेप घेतल्याबद्दल आमच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन. त्याखाली शुभेच्छुक म्हणून सगळी गल्ली. दूधवाले काका, बेकरीवाले काका, तालमीचे वस्ताद, सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो.

मी घरी येऊन आबांसमोर उभी राहिले. "कुणाला सांगायचं नाही ठरलंतं."

"मी कुठं सांगितलं? लिवलंय." आबांच्या तोंडावर जराही अपराधीपणा नव्हता. "पोरगी एवढी शिकली, एवढं डोकं लावलं, आणि गल्लीला कळू नये व्हय?"

खरं सांगायचं तर मी संध्याकाळी परत एकदा तिकडनं जाऊन तो फ्लेक्स बघून आले.

पुढच्या बाजाराला आबा आणि मी वडगावात पोचलो, तर फ्लेक्सवरचे सगळे शुभेच्छुक आमच्या आधी हजर. दूधवाल्या काकांनी दुधाची गाडी धुऊन आणलेली. बेकरीच्या गाडीवर अजून खारीचं चित्र. वस्ताद भाच्याची जीप घेऊन आलेले. "आलीस व्हय," बेकरीवाले काका मला म्हणाले, "तुझ्यामुळं कळलं बग. नाद खुळा."

सौदा तीनशे दहावर निघाला. मी अडत्याला फोन लावला.

"ताई, सकाळपास्नं तुमच्यासारखे लई फोन आलेत मला. तीनशे नव्वद."

मी आकडा ऐकेपर्यंत वडगाव तीनशे तीसला गेलं होतं. मी आबांना म्हटलं, "अजून दहाची जागा आहे." आबा हात वर करेपर्यंत तीनशे पन्नास. परत फोन. "तीनशे ऐंशी," अडत्या म्हणाला, "आणि आता फोन करू नगासा, दर खाली येतोय." एक दर चढत होता, एक उतरत होता, आणि मी मधे उभी राहून दोघांना भेटताना बघत होते. परीक्षेत मी हेच उत्तर लिहिलं होतं. परीक्षेत मात्र ते इतकं भरभर घडत नाही.

"गप बसा," मी आबांना म्हटलं. "आता घेतली तर खर्चसुद्धा निघणार नाही."

आमचं तिथंच थांबलं. गल्लीचं थांबलं नाही, कारण तोवर गोष्ट मिरचीवरनं गेली होती. दूधवाल्या काकांनी तीनशे सत्तर म्हटलं, बेकरीवाल्या काकांनी त्यांच्याकडं बघून तीनशे ऐंशी म्हटलं. ह्या दोघांची गणपतीच्या मांडवापासनं ईर्षा आहे. एकानं हात वर केला की दुसऱ्याचा आपोआप वर जातो.

"काका, कोल्हापुरात एवढ्याला खपत नाही," मी म्हटलं.

"कोल्हापूरचं काय घिऊन बसलीस? ह्यो पुढं जातोय ते बग की."

चारशे चाळीसला बेकरीवाले काका जिंकले. म्हणजे थोडा वेळ वडगाव कोल्हापूरपेक्षा महाग झालं. आपण उलटी मिरची आणावी काय, असा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला, पण मिरची आणेपर्यंत काकांची ईर्षा ओसरली असती. आणि ओसरलीच. पहाटे मार्केट यार्डात सगळ्यांच्या गाड्या एकदम उभ्या राहिल्या तेव्हा दर तीनशे साठला आला. काकांनी निम्मा माल विकला, निम्मा रागानं घरी आणला. त्यानंतर बरेच दिवस आमच्या गल्लीत रोज खर्डा होता आणि बेकरीत मिरचीची खारी मिळत होती.

आबा तरी ऐकायला तयार नव्हते. "एका बाजारानं काय हुतंय? ही हौशी माणसं जातील, दर परत फाकतील. ट्रकचं ठरलंय." फाकले की कुणीतरी परत धावणारच, मी म्हटलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी पावणा आला. चहा झाला. त्यानं टेम्पोच्या चाकांना लाथा मारून बघितल्या, इंजिन ऐकलं, हौद्यात उभा राहून नाचून बघितलं. आबांच्या काळजाला किती घरं पडत होती ते मला दिसत होतं. शेवटी किमतीचं बोलणं निघालं.

आबांनी सहज विचारलं, "भाडी कुठली मारणार?"

पावणा हसला. दार बंद आहे का बघितलं. मग मोबाईल काढून त्यानं एक फोटो दाखवला. चौकातला आमचा फ्लेक्स. "आमच्या गावात समद्यांकडं आलाय ह्यो. वडगावची मिरची घ्यायची, कोल्हापुरात टाकायची."

आबा त्या फोटोकडं बघत राहिले. "समद्यांकडं म्हंजे?"

"समद्या ग्रुपवर. तिघांनी टेम्पो बगितलेत बी."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपबशा उचलायला लागले. एवढा समजूतदारपणा कॉलेजात शिकवत नाहीत, तो माझा स्वतःचा.

"पावणं," आबा म्हणाले, "त्यात आता काय राहिलं न्हाय."

"व्हय, व्हय." पावण्यानं डोळा घातला. "दहा हजार वाढवतो."

"आवो खरंच सांगतोय. दर एक झालेत."

"पंधरा."

आबा वैतागले. "तू दाखव गं ह्यास्नी." मी दोन्हीकडच्या अडत्यांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. वडगाव तीनशे तीस, कोल्हापूर तीनशे पंच्याहत्तर. "खर्च धरला तर हातात काही राहत नाही," मी म्हटलं.

पावण्यानं दोन्ही दर शांतपणे ऐकले. "दोगं बी तुमचीच माणसं दिसत्यात," तो म्हणाला.

आई आतनं म्हणाली, "आवो, एवढं देतोय तर द्या की. एवढ्यात ह्याच्यापेक्षा चांगला टेम्पो ईल." आई कॉलेजात गेली नाही म्हणून काय झालं, फरक कुठं आहे ते तिला बरोब्बर दिसतं.

पण आबांनी किल्ली खिशात घातली. "इकायचा न्हाय," ते म्हणाले. "फसवून तर न्हायच न्हाय." पावणा उठला, चपला घातल्या आणि दारातनं ओरडला, "एकटंच खावा मग." आबांनी त्याच दुपारी ट्रकवाल्या शोरूमला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं.

त्या पावण्यानं दुसरीकडनं टेम्पो घेतला आणि तो पहिल्याच आठवड्यात बंद पडला. तेव्हा वडगावातनं मिरची न्यायला गाडी द्या म्हणून त्याचा आबांनाच फोन आला. आबांनी हातानं फोन झाकून मला विचारलं, "भाडं किती सांगू?"

मी दोन्हीकडचे त्या दिवसाचे दर बघितले, हमाली, अडत आणि घट वजा केली, आणि उरलेला आकडा सांगितला. "ह्याच्यावर तो देणार नाही. दिलं तर त्याला तोटा."

आबांनी त्याच्यावर पाचशे चढवून सांगितलं. पावण्यानं घासाघीस न करता कबूल केलं. आम्ही काहीतरी लपवतोय याची त्याला आता खात्रीच पटली होती.