पेढा तपकिरी असतो, तरीही

धारवाडजवळच्या आमच्या शहरात, लॅमिंग्टन रोडवरच्या एका क्लासमध्ये मी बँकेच्या परीक्षांसाठी तर्काचे प्रश्न शिकवायचो. शिकवणं कन्नडमध्ये, चिडणं मराठीत. आणि चिडायला लावायची ती उणकलहून येणारी एक मुलगी. वडील गवंडी, घरात कॉलेजला गेलेली ही पहिलीच. गणितात वाघ, पण तर्काच्या प्रश्नापाशी आलं की घोडं पेंड खायचं. त्यापायीच दोनदा थोडक्यात राहिली होती. आता वयोमर्यादेत बसणारी शेवटची परीक्षा उरली होती.

एकदा मी फळ्यावर लिहिलं : सर्व पेढे गोड असतात. काही गोड पदार्थ तपकिरी असतात. निष्कर्ष : काही पेढे तपकिरी असतात. निघतो का?

"निघतो," ती म्हणाली.

"नाही निघत."

"असं कसं, सर? धारवाडचा पेढा तपकिरीच असतो की!"

वर्ग हसला. धारवाडच्या शेजारी बसून पेढ्याचं उदाहरण घ्यायची हौस माझीच. मी वर्तुळं काढली. गोडाच्या मोठ्या वर्तुळात पेढ्यांचं छोटं. तपकिरीचं वर्तुळ गोडाला कापून जातं, पण पेढ्यांना शिवेलच असं नाही. ते तपकिरी गोड पदार्थ म्हणजे नुसते गुळाचे खडे असले, तरी दोन्ही विधानं खरीच राहतात.

"तू खाल्लेला पेढा विसर. या दोन ओळींतून काय निघतं तेवढंच बघ."

"पण खरं आहे त्याला नाही कसं म्हणायचं, सर?" ती रडकुंडीला आली होती. खोटं म्हणू नकोस, यातून निघत नाही एवढंच म्हण, हे सांगून सांगून मी थकलो. डोळ्यांना दिसतं ते सोड, असं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वडील तिच्याबरोबर आले. बोटांच्या भेगांत सिमेंट. चपला बाहेर काढून फळ्यापाशी उभे राहिले.

"सर, एक विचारू? नोकरी लागलेली सगळी पोरं कष्ट करणारी होती, असं तुम्हीच सांगता म्हणे. माझी पोर पण कष्ट करते. मग हिला लागणारच की?"

लागलेले सगळे कष्ट करणाऱ्यांच्या वर्तुळात, हे खरं. पण त्याच वर्तुळात न लागलेलेही कितीतरी, आणि ही लागणाऱ्यांतली की न लागणाऱ्यांतली, ते या दोन ओळींतून कळत नाही. हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं? स्वतःच्या विषयाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

"लागेल हो, अप्पा," मी म्हणालो.

ते खुशीत चपला घालायला वळले. ती मात्र जागची हलली नाही. पुसलेल्या फळ्याकडे बघत, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "निघत नाही ना, सर?"

तिचं उत्तर पहिल्यांदाच बरोबर आलं होतं. मला शाबास म्हणता आलं नाही.