नमुना क्रमांक पाच

समजा, तुम्ही दीड वर्ष लाकडात उलटी अक्षरं कोरली. त्यातले सात चांगले नमुने निवडून त्यांचे छाप पुठ्ठ्याच्या दोन पानांत बांधले आणि सांगलीच्या मोठ्या छापखान्याला पाठवले. पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यात कौतुक एका ओळीचं आणि चुका तीन. आता कागद घ्या, त्याला उत्तर लिहा. राग दिसता कामा नये, रडगाणं नको आणि खोटंही नको. बघा जमतंय का.

कडेगावच्या कृष्णात सुताराला हेच करायचं होतं. साल होतं चव्वेचाळीस. वडिलांच्या हाताखाली त्यानं जू, तिफण सगळं केलं, पण जीव रमला तो अक्षरांत. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा त्यानं साताऱ्याला जाऊन दिल्या होत्या. छापखान्याचे मालक मानसिंगराव यांना लेबलं आणि जाहिरातींचे ठसे कोरणारा कायमचा माणूस हवा होता. अशी जागा या भागात पुन्हा कधी निघेल, कोण जाणे.

पत्रातल्या चुका अशा. एक, हळदीच्या पुडीच्या लेबलावर पांढऱ्या रेषा इतक्या बारीक आहेत, की लढाईमुळे मिळणाऱ्या आजच्या खरबरीत कागदावर त्या शाईनं भरून जातील. दोन, नमुना क्रमांक पाच, म्हणजे कुस्त्यांची जाहिरात, तिच्यात काही अक्षरं गडद आणि काही फिकी उठली आहेत; ठशांची उंची सारखी नसावी. तीन, याच नमुन्याच्या तळाला छापखान्याचं नाव नाही. तो कुठं छापला?

कृष्णातनं एका बैठकीत उत्तर लिहिलं आणि बायकोला, विजयमालाला, वाचायला दिलं. ती मराठी सातवी झालेली. तिनं ते चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचलं.

"'रेषा बारीक आहेत, परंतु कारागिरी दिसावी म्हणून मुद्दाम तशा ठेवल्या. ठशांची उंची बरोबर आहे, मशीनच जुने व खिळखिळे होते...' आवं, हे पत्र हाय का पाणवठ्यावरचं भांडण?"

"खरं तेच लिवलंय."

"मला भाकरी करपली म्हणून सांगितलं आन् मी म्हणाले, तवाच वाईट, तर तुमी काय म्हणाल?"

"तवा खरंच वाईट आसला तर?"

विजयमाला हसली. मग तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. तिनं आवाज उतरवला. "कुठलं मशीन?"

कृष्णातनं दार लोटून घेतलं. नमुना पाच दिलावरच्या मशीनवर काढला होता. दिलावर त्याचा शाळेतला सोबती. कऱ्हाडात त्याचा छोटा छापखाना होता. बेचाळीसच्या गडबडीत पोलीस त्याला सील ठोकायला आले, तेव्हा आत मशीन नव्हतंच. तेव्हापासून दिलावरही घरी नव्हता. पण महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्यातरी गावच्या चावडीवर सरकारविरोधी पत्रक चिकटलेलं सापडे, आणि त्याच्या तळाला छापखान्याचं नाव नसे. कायद्यानं ते प्रत्येक छापील कागदावर लागतं. श्रावणात एकदा उसाच्या फडात भेट झाली, तेव्हा कृष्णातनंच हट्ट धरला होता, गड्या, माझ्या ठशाचा एक छाप काढून दे. छापखान्याच्या नावाच्या ओळीचं तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आणि त्या मशीनचा दाब डाव्या बाजूला कमी पडायचा. त्या पत्रकांची डावी बाजूसुद्धा फिकीच असायची.

म्हणजे 'ठसे माझे चांगले, मशीन वाईट' असं लिहिलं, की त्याची कारागिरी सुटत होती आणि दिलावर अडकत होता. चूक आपलीच म्हणावं, तर ज्याला ठशाची उंची राखता येत नाही, त्याला नोकरी कोण देणार?

"उत्तर नगंच द्यायला," विजयमाला म्हणाली.

"न्हाई दिलं तर त्यो प्रश्न तसाच ऱ्हातो. लय वाईट दिसंल."

दुपारी गल्लीत तात्याबा पाटील येऊन गेला. सहज विचारल्यासारखं म्हणाला, "कृष्णात, फौजदार आलाय रं त्या पत्रकांच्या तपासाला. लाकडाची अक्षरं करणारं आपल्यात किती जण हायत म्हणून इचारत हुता. म्या म्हणलं, हाय येकजण."

"मग?"

"मग काय? लाल पेन्सिलीनं लिवून घेतलं त्यानं."

कृष्णातनं पहिलं पत्र चुलीत घातलं. मग नमुना पाचचे ठसे काढले. लोखंडी पट्टीनं प्रत्येकाची उंची मोजली. अठरा ठशांपैकी सोळा नेमके होते, पण दोन खरंच कागदाभर उणे भरले. बघून तो चरफडला आणि मग त्याला हलकंही वाटलं. निदान एवढं तरी आपलं म्हणून लिहिता येईल. त्यानं त्या दोन्हींच्या बुडाला कागदाची पट्टी चिकटवली. हळदीच्या ठशातली एकाआड एक उठावाची रेष कोरून काढून टाकली, उरलेल्यांमधली जागा रुंद आणि खोल केली. मग शाई लावून, वर ओला करून निथळवलेला कागद ठेवून, पितळी वाटीच्या बुडानं घासून हातानं नवे छाप काढले. तेही मुद्दाम खरबरीत कागदावर.

दुसरं पत्र छोटं झालं.

'आपण नमुने इतक्या बारकाईने पाहिलेत, याबद्दल आभारी आहे. रेषांबद्दल आपले म्हणणे पटले. मी गुळगुळीत कागद धरून कोरले होते. सुधारलेला छाप सोबत आहे. नमुना पाचमधील ठसे पुन्हा मोजले. दोन उणे होते, ते सारखे केले. छाप या वेळी हाताने काढला आहे, म्हणजे जो दोष दिसेल तो ठशाचाच असेल. तळाच्या ओळीबाबत चूक माझी. तो छाप केवळ अक्षरे पाहण्यापुरता होता, तरीही ओळीची जागा सोडायला हवी होती. नव्या छापात ती सोडली आहे. आणखी काही खटकल्यास जरूर कळवावे.'

विजयमालानं ते दोनदा वाचलं. "हे बरं हाय. कुणी वंगाळ बोलल्यागत वाटत न्हाई." मग हळूच म्हणाली, "पर कुठं छापला, ते ऱ्हायलं."

"व्हय," कृष्णात म्हणाला. "ते ऱ्हायलं."

आठव्या दिवशी बोलावणं आलं. कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीनं तो सांगलीत उतरला. छापखान्यात मशीनचा धडधडाट होता, तरी अक्षरांचे खिळे जुळवणारे सगळे मान वर करून त्याच्याकडंच बघताहेत, असं त्याला वाटलं. मानसिंगराव जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे. त्यांनी नवे छाप उजेडाला धरले.

"चूक दाखवली की कारागीर आधी भांडतो. नाहीतर पाय धरतो. तुम्ही ठसा दुरुस्त केलात. सोमवारपासून या."

"येतो, साहेब."

"मी प्रश्न तीन विचारले होते," मानसिंगराव छाप खाली ठेवत म्हणाले. "उत्तरं अडीच आली."

कृष्णात म्हणाला, "व्हय, साहेब."

मानसिंगरावांनी पुढं काही विचारलं नाही. नुसतं दाराकडं पाहिलं. "यापुढं आपल्या हातचं काहीही बिननावाचं बाहेर जाऊ देऊ नका. आणि जुना पाचवा नमुना आता माझ्याकडं नाही. परत मागू नका."

"मग कुणाकडं हाय?"

"सोमवारी आठ वाजता," ते म्हणाले.

उठताना कृष्णातला टेबलावर आपलं पत्र दिसलं. मानसिंगरावांनी समासात काळ्या शाईनं बारीक अक्षरात 'ठीक', 'ठीक' असं लिहिलं होतं. पण 'तो छाप केवळ अक्षरे पाहण्यापुरता होता' या वाक्याखाली लाल पेन्सिलीनं दोन जाड रेघा ओढल्या होत्या. टेबलावर लाल पेन्सिल कुठंच नव्हती. त्याची नजर गेलेली पाहून मानसिंगरावांनी पत्रावर तळहात ठेवला.

जागा मिळाली होती. विजयमालाला काय सांगायचं, ते तो मोटारीच्या अड्ड्यापर्यंत जुळवत गेला आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडखळला. तो पाचवा नमुना कुठं छापला, हे विचारलं होतं कुणी? मानसिंगरावांनी, की त्या लाल रेघा ओढणाऱ्यानं?