तीन तारखा, सहा हजेऱ्या

मी सूतगिरणीत सव्वीस वर्षं हजेरी कारकून होतो. गेटमधून आत आलेला माणूस मोजायचा आणि बाहेर गेलेला वजा करायचा, एवढंच माझं काम. एका माणसाने दोघांची हजेरी लावली तर ती मला वहीवरच्या अक्षरावरून कळायची. गिरणी बंद पडली, पण ती सवय सुटली नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळातसुद्धा चपला मोजून आत जाता. खरं आहे.

निवृत्तीनंतर भवानी पेठेतल्या एका रंगाऱ्यांच्या संस्थेचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. अकरा घरांची मिळून शहराबाहेर एक सामाईक रंगशाळा होती. टॉवेल-चादरींचं सूत तिथे रंगायचं आणि रंगाचं पाणी ओढ्यात जायचं. एक दिवस नोटीस आली. सहा महिन्यांत पाणी शुद्ध करायची यंत्रणा उभी करा, नाहीतर रंगशाळेला सील. म्हणजे अकरा चुली बंद. यंत्रणेचा आराखडा काढायला सल्लागार हवा होता. आमच्या गावात तसं कोणी नव्हतं, तेव्हा पुण्याच्या एका इंजिनियर बाईंनी आपला आर्थिक प्रस्ताव पाठवला.

प्रस्ताव मी घरी शुक्रवार पेठेत आणला आणि लाल पेन घेऊन बसलो. बाईंचे चौदा मनुष्यदिवस, दिवसाला बारा हजार. सहायक इंजिनियरांचे बारा मनुष्यदिवस, दिवसाला पाच हजार. प्रवास, लॉज आणि पाण्याच्या तपासण्या पावत्यांप्रमाणे, फार तर बेचाळीस हजार. सगळं मिळून कमाल मर्यादा दोन लाख सत्तर हजार, जीएसटी वेगळा. खाली ठळक अक्षरांत होतं की जेवढे दिवस काम होईल तेवढ्याचंच बिल येईल, आणि लेखी मंजुरीशिवाय या आकड्यापुढे एक रुपयाही मागितला जाणार नाही.

इतकं स्वच्छ लिहिलेलं पाहून मला उलट शंकाच आली. गिरणीत ज्याची रजेची चिठ्ठी वळणदार अक्षरात यायची, तो हमखास दुसरीकडे कामाला गेलेला असायचा. कमाल मर्यादा म्हणजे काय, तर तिथपर्यंत बिल नेण्याचा परवाना, असं माझं मत झालं. आमच्याकडे काम एकतर उक्तं असतं नाहीतर रोजंदारीवर. हे दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं, आणि मधल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

आणि मग मला पान तीनवर ते सापडलं. ‘सांडपाण्याचं प्रवाहमापन: तीन दिवस, सहा मनुष्यदिवस.’ तारखा तीन आणि हजेऱ्या सहा. मला इतका आनंद झाला की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून ते दाखवलं. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होतो, ते हेच.

पुढच्या बैठकीला बाई आल्या. पन्नाशीच्या, साध्या, हातात पाण्याची बाटली. अकराही रंगारी सतरंजीवर बसले होते. मी पान तीन वाचून दाखवलं आणि विचारलं, हे कसं काय. बाईंनी शांतपणे सांगितलं की मोजणी चोवीस तास चालते, एक सहायक दिवसा आणि दुसरा रात्री, म्हणून तीन दिवसांचे सहा. मी म्हटलं, रंगशाळा रात्री आठला बंद होते, मग रात्रीचा माणूस काय चांदणं मोजणार? सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं,

“काका, रात्री काहीच पाणी सुटत नाही, हे संस्था मला लेखी देईल?”

मला राग आला. माझ्या तोंडावर माझ्या माणसांवर संशय घेतला, असं वाटलं. मी तिथल्या तिथे लेटरहेड मागवलं, चार ओळी लिहिल्या, सही-शिक्का केला. मी सभेकडे पाहिलं, तर सगळ्यांनी एकसाथ माना डोलावल्या. एरवी चहात साखर किती यावरसुद्धा त्यांचं एकमत होत नसे. मी तो माझा मान समजलो.

तीन मनुष्यदिवस कमी झाले. पंधरा हजार वाचले. मर्यादा दोन लाख पंचावन्न हजारांवर आली. सुधारित प्रस्तावात बाईंनी एक वाक्य घातलं होतं: रात्रीचं मापन वगळलं आहे, शुद्धीकरणाच्या टाकीचा आकार संस्थेच्या पत्रावर अवलंबून आहे. ते मी वाचलं. पण माझी नजर आकड्यावर होती.

पुढचे दोन महिने मी त्यांच्या मागे सावलीसारखा होतो. त्या पुण्याला बसून काम करत तेव्हा संध्याकाळी फोन करून विचारायचो की आज काय झालं. लॉजच्या पावत्या घेऊन लॉजवर जाऊन आलो. रिक्षाच्या चाळीस रुपयांसाठी पावती मागितली, तर त्यांनी ते चाळीस रुपये सोडून दिले. शेवटी बिल आलं. त्यांचे तेरा दिवस, सहायकांचे नऊ, पावत्या एकतीस हजार चारशे. एकूण दोन लाख बत्तीस हजार चारशे. मर्यादेच्या बावीस हजार सहाशे खाली. मी तीनदा बेरीज केली. मर्यादा असूनही माणूस तिथपर्यंत जात नाही, हे मला समजेना. मनातल्या मनात म्हटलं, नक्की कुठेतरी दुसरीकडून काढले असणार.

आराखडा मंजूर झाला. प्रत्येक घराने कर्ज काढून आपला वाटा भरला आणि यंत्रणा उभी राहिली. नोटिशीची मुदत संपायला बारा दिवस उरले असताना ती सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला राखणदाराचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा नवी टाकी काठोकाठ भरून वाहत होती. लाल पाणी आवारभर पसरून ओढ्याकडे निघालं होतं.

सूत धुतलेलं पाणी दिवसा सोडायचं, पण गडद रंगाचं पाणी आतल्या जुन्या टाकीत साठवून, लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून रात्री एकदम सोडायचं, ही तिथली रीत होती. कित्येक वर्षांची. मला माहीत नव्हती, कारण मी नेहमी दुपारी जाऊन चहा पिऊन परत यायचो. बाहेरून आलेल्या बाईच्या प्रत्येक तासाचा हिशोब मागणारा मी, माझ्या लोकांना ते रात्री काय करतात हे एकदाही विचारलं नव्हतं.

सगळ्यात वयस्कर रंगारी माझ्याशेजारी उभा होता. मी त्याला विचारलं की त्या दिवशी सभेत कोणीच काही का बोललं नाही. त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

“आमाला वाटलं, तुमाला ठावं हाय की,” तो म्हणाला. “म्हनूनच तुमी रात्रीचा मानूस काडला. लई हुशारी केली, असंच म्हनत होतो आमी.”

दुपारच्या गाडीने बाई आल्या. सोबत नवा प्रस्ताव होता. रात्रीचं मापन, टाकीचा नवा आराखडा आणि मुदत वाढवून मागण्याचा अर्ज. दर तेच, वर नवी कमाल मर्यादा. मी लाल पेन काढलं नाही. मी एवढंच म्हणालो की मला खरंच माहीत नव्हतं.

बाईंनी फाइल उघडून माझं सही-शिक्क्याचं पत्र बाहेर काढलं आणि अर्जाला जोडायच्या कागदांत ठेवलं. मी खोटं बोलतोय असं त्यांना वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही.