आवाज बंद, अक्षर मराठी

शिरड शहापुरात पुनमची सासू शालूबाई तोंडाची फटकळ आणि पुनम बोटांची, असं लोक म्हणत. ते खोटं नव्हतं. शालूबाई बोलायची, पुनम तिचं रील काढून बोललेलं पडद्यावर लिहायची.

त्या दिवशी हळदीच्या रानात उभं राहून शालूबाईनं तोफ डागली. "बायांनो, रानात जलम काढता, मंग सातबाऱ्यावर तुमचं नाव काहून न्हाई? नवऱ्याच्या सहीचा अर्ज तलाठ्याकडं द्या. लाजू नका!"

धाकटा दीर हरीश नांदेडात दुकानांच्या जाहिराती करायचा. तो म्हणाला, "वहिनी, इंग्रजी अक्षरांत लिवा. पोरं तसंच टाइप करतेत, तसंच शोधतेत. मराठी अक्षर म्हणजे सरकारी नोटीस वाटते."

पुनमनं ऐकलं. 'Bayanno, satbara var naav kahun nahi?' आठवड्यात ऐंशी हजार लोकांनी पाहिलं. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली, आजी भारी, आजी डेंजर! पुनम आधी हरखली. मग तिच्या लक्षात आलं की सासूचं भांडण लोकांनी गंमत करून टाकलंय, आणि तिला मनापासून राग आला.

दोन दिवसांनी खुरपताना शेजारची पद्माबाई म्हणाली, "तुमचं बघितलं माय, पण कळलं न्हाई. सासरा ओसरीवर असतो, मी आवाज बंद करूनच बघते. चौथी शिकलेली मी, ते इंग्रजी मला कुठं येतं?"

पुनमचं खुरपं थांबलं. गावातल्या निम्म्या बाया अशाच बघत असणार. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांनाच ते मुकं होतं!

पडद्यावर चिकटलेली अक्षरं बदलता येत नाहीत. म्हणून तिनं घरी येऊन तेच रील ठसठशीत मराठी अक्षरांत लिहून नव्यानं टाकलं. बघणाऱ्यांची मोजणी परत शून्यावर.

हरीशचा फोन आला. "चार दिवसांत अकराशे! पायावर धोंडा पाडून घेतला, वहिनी. नोटीस वाटते म्हणलो होतो ना?"

"नोटीसच हाय ती," पुनम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पद्माबाईचा नवरा, किशनराव, दारात उभा. मागं पदर खोचून पद्माबाई.

"सूनबाई, ते रील काढून टाका. बायको अर्ज घेऊन मागं लागून राहिली."

"मामा, इंग्रजी अक्षरांतलं आठ-दहा दिवस होतं की. तवा तकलीफ न्हाई झाली?"

"ते राहू द्या. तवा कोण वाचत होतं? हे मराठीतलं काढा!"

आतून शालूबाई खो खो हसली. पुनमनं मोबाइल किशनरावासमोर धरला आणि त्याच्या देखत ते रील पानावर सगळ्यात वर लावून टाकलं.

"न्हाई निघायचं," ती म्हणाली. मग कोनाड्यातला पेन काढून पुढं केला. "सही करता का मामा? मामी अर्ज घेऊनच आल्यात."