टोकाकडे की बुडाकडे

आनंदराज सोनकांबळे सर मूळचे मुदखेडचे. वडील साहेबराव रेल्वेत गँगमन होते. रुळाचे नटबोल्ट आवळणाऱ्या माणसाचा मुलगा एम. एस्सी. फिजिक्स झाला आणि लातूरला शिकवायला आला. मी आलो तेव्हा ते इथल्या ट्यूशन एरियात जुने झाले होते. मी केमिस्ट्रीचा. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये एक प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे त्यांचं निम्मं फिजिक्स मला पाठ झालं होतं.

आमच्याकडे पोरं येतात ती जेईईसाठी. देगलूर, नायगाव, उदगीर, कुठून कुठून येऊन हॉस्टेलात राहतात. त्यांना वेळ नसतो. सूत्र सांगा, गणित सोडवा, पुढं चला. सोनकांबळे सर मात्र वर्षातून एक तास शंकूला द्यायचे. सुताराकडून लेथवर उतरवून घेतलेला सागवानी शंकू होता त्यांच्याकडे, वीतभर लांबीचा. त्याला निळ्या खडूची पूड चोळायची, टेबलावर आडवा ठेवायचा आणि हलकेच ढकलायचा. शंकू आपल्या टोकाभोवती गोल फिरायचा. टोक जागच्या जागी, बूड लोळत लोळत फेरी मारतंय.

मग विचारायचे, "याचा अँग्युलर व्हेलॉसिटीचा बाण, म्हणजे वस्तू ज्या रेघेभोवती फिरते तिच्यावरचा बाण, कुठं दाखवायचा?"

सगळा वर्ग ओरडायचा, "शंकूच्या आसावर, सर! तिरपा!"

"बरं. मग टेबल बघा."

टेबलावर निळा पंखा उमटलेला असायचा. टोकापासून निघालेल्या रेघा, कुठंही फराटा नाही.

"शंकू घसरला असता तर रंग फासला गेला असता. फासला का? न्हाई. म्हणजे जी रेघ टेबलाला टेकलीय, ती त्या क्षणी थांबलेली हाय. सगळा शंकू हलून राहिला, ती रेघ तेवढी थांबलीय. मग तो कशाभोवती फिरतोय त्या घडीला? थांबलेल्या रेघेभोवतीच की! बाण टेबलावर आडवा, टेकलेल्या रेघेवर. तिरपा न्हाई."

पोरं रेघा बघायला उठून पुढं यायची. भिंतीपलीकडून मलाही बाकं सरकल्याचा आवाज यायचा. मग ते उजव्या हाताची बोटं शंकूच्या लोळण्याच्या दिशेनं वळवून अंगठा ताठ करायचे. रेघ ठरली, पण बाणाचं तोंड टोकाकडे की बुडाकडे, ते अंगठा सांगायचा. वरून बघताना शंकू घड्याळाच्या उलट फिरत असेल तर अंगठा टोकाकडे येतो. घड्याळासारखा फिरत असेल तर बुडाकडे जातो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सरांना लकवा मारला. सकाळी दाढी करताना हातातून वस्तरा पडला आणि ते बेसिनजवळच खाली बसले. उजवी बाजू गेली. वहिनी, म्हणजे महामायाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी रिक्षातून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. बोलणं परत आलं, फक्त जरा जड. पाय ओढत का होईना, चालायला लागले. हात मात्र आला नाही. कोपरात वाकलेला, मूठ घट्ट मिटलेली आणि अंगठा त्या मुठीच्या आत.

मी भेटायला जायचो तेव्हा ते पाटीवर डाव्या हातानं अक्षरं गिरवत बसलेले दिसायचे. वहिनी म्हणायच्या, "पहिलीच्या लेकरावानी करू राहिलेत दिवसभर."

"जून यायच्या आत बोर्डावर लिहायचंय," सर म्हणायचे.

आमच्या क्लासचे मालक उमाशंकर सर. माणूस वाईट नाही. त्यांनी निरोप दिला, "या, एक तास घेऊन बघू." सरांनी फिरत्या वस्तूंचाच धडा मागून घेतला आणि त्यातला शंकूचाच तास. माझा त्या वेळी तास नव्हता, म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

सर आले. इस्त्रीचा शर्ट, उजवा हात पँटच्या खिशाशी टेकवलेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नवीन बॅच होती, पण सिनियर पोरांकडून त्यांनी नाव ऐकलेलं होतं. सरांनी डाव्या हातानं पूड चोळली. शंकू एकदा निसटून खाली पडला, पुढच्या बाकावरच्या शिवमनं उचलून दिला. मग ढकलला. टोक सरांच्या बाजूला, बूड पोरांच्या बाजूला. शंकू सरांच्या डावीकडे निघाला. वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट. निळा पंखा उमटला. नेहमीचा प्रश्न, नेहमीचं चुकीचं उत्तर, मग तेच थांबलेल्या रेघेचं स्पष्टीकरण. आवाज जड होता, पण वाक्य एकही चुकलं नाही. मी बाकाला टेकून सैल बसलो. म्हटलं, जमलं की हो सरांना.

"आता तोंड कुणीकडं?" सर म्हणाले. शंकूजवळ हात नेला, बोटं लोळण्याच्या दिशेनं वळवली, अंगठा ताठ केला. अंगठा पोरांकडे आला. "बुडाकडं," ते म्हणाले आणि बोर्डावर बाण काढला.

वर्गात चुळबुळ झाली. दुसऱ्या ओळीतली दामिनी म्हणून एक मुलगी, उदगीरची, तिनं हात वर केला. "सर, माझा टोकाकडं येऊ राहिलाय."

"नीट धर हात."

"नीटच हाय सर."

सरांनी पुन्हा केलं. बोटं वळवली, अंगठा पुन्हा पोरांकडे. "हे बघ. बुडाकडं." आवाजात थोडी चीड होती. मग त्यांनी वर्गाकडे पाहिलं. सगळ्या पोरांनी आपापले हात पुढे धरले होते, आणि सगळे अंगठे सरांच्या दिशेनं होते.

सर आपल्या हाताकडे बघत राहिले. तो डावा हात होता.

मला ते मागच्या बाकावरून केव्हाच दिसलं होतं. कदाचित पोरांनाही दिसलं असेल. डावा हात वापरला की अंगठा बरोबर उलटा येतो, एवढी साधी गोष्ट. गेले कित्येक महिने ते डाव्या हातानं जेवत होते, लिहीत होते, शर्टाची बटणं लावत होते. मेंदूनं डाव्यालाच हात म्हणायला सुरुवात केली असेल.

त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं. "तुमचं बरोबर" म्हणून पुढं जायला हवं होतं. पण त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, तो हात उचलून टेबलावर आणला, शंकूजवळ ठेवला. मग डाव्या हाताच्या बोटांनी मुठीतला अंगठा बाहेर काढायला लागले. अंगठा निघाला. सोडला की परत आत. पुन्हा काढला, पुन्हा आत गेला. कपाळावर घाम आला. छताचा पंखा फिरत होता, खडूची पूड टेबलावरून उडत होती.

मी उठलो. पण उठून काय करणार होतो? पुढे जाऊन त्यांचा हात धरला असता तर ते आणखी वाईट दिसलं असतं. तसाच अर्धवट उभा राहिलो आणि परत बसलो.

शेवटी सर म्हणाले, "टोकाकडं. तुमचं बरोबर हाय. पुसा तो बाण." पुसायला कुणी पुढं येईना. मग दामिनीच उठली. ती रडत होती. आपण काही बोललोच नसतो तर बरं झालं असतं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

तास रेकॉर्ड होत होता. आमच्याकडे सगळेच होतात, गैरहजर पोरांसाठी. उमाशंकर सरांनी तो भाग काढून टाकायला लावला, तरी एका पालकाचा फोन आलाच. उमाशंकर सर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "किशनराव, तुम्हीच सांगा, मी काय करू? एवढी लेकरं माझ्या भरवशावर आलीत. सरांना मी काढत न्हाई. डाउट काउंटरला बसू द्या."

"हाव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

डाउट काउंटर म्हणजे जिन्याखालची एक खोली. अडलेली पोरं तिथं जाऊन विचारतात. सुरुवातीला दामिनी रोज यायची, शंका नसली तरी. मग परीक्षा जवळ आल्या, तिचंही येणं कमी झालं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा सर कागदावर आकृत्या काढत होते. म्हणाले, "किशनराव, बिनहाताचं करता येतं का बघून राहिलो."

"म्हणजे?"

"हे बघा. शंकू गोल फेरी मारतो, त्याचा एक बाण उभा, वर. स्वतःच्या आसाभोवती लोळतो, त्याचा एक बाण तिरपा, टोकाकडं उतरता. दोन्हीची बेरीज केली की वरचं न खालचं एकमेकांत जिरतं, आडवं तेवढं उरतं. टोकाकडं. बरोबर?"

"बरोबर असंल. लई भारी की, सर!"

"पण पहिला बाण वरच का? खाली का न्हाई?" त्यांनी पेन उभ्या बाणावर टेकवला. "ते पण उजव्या हातानंच ठरवलेलं. उजव्या आट्याचा स्क्रू घ्या, न्हाई तर बाणांच्या गुणाकाराचा नियम घ्या, कुठूनही सुरू केलं तरी पहिल्या पायरीवर उजवा हात उभाच हाय."

मी केमिस्ट्रीचा माणूस. तरी म्हणालो, "पण सर, शंकूला कुठं माहितीय उजवं-डावं?"

"न्हाईच माहीत. रेघ थांबते ती खरी. बाणाचं तोंड आपण माणसांनी आपसात ठरवून घेतलंय. सगळ्या जगानं डावा हात ठरवला असता तरी शंकू असाच लोळला असता." त्यांनी पेन खाली ठेवला. "पण ठरलंय ना उजवा. मी एकट्यानं कसं बदलू?"

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी सरांचा उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, उशी सरकवली, आणि कप त्यांच्या डाव्या हातात दिला. मीही चहा संपवला आणि निघालो.

पावसाळ्यानंतर ते नांदेडला गेले, मुलगी धम्मप्रियाकडे. तिथं फिजिओथेरपीची सोय बरी आहे. वहिनींची बदली अजून झालेली नाही. दर शनिवारी शाळा सुटली की त्या बस पकडतात आणि सोमवारच्या पहिल्या गाडीनं परततात. आमच्याकडे सरांच्या जागी हैदराबादचे एक तरुण सर आलेत. ते शंकूचं गणित पडद्यावर दाखवतात, चांगलं शिकवतात. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो.

मी अधूनमधून फोन करतो. परवा केला होता.

"जयभीम सर. हात कसा हाय?"

"तसाच हाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, करत राहा."

त्यांच्याकडे टीव्ही चालू होता, माझ्याकडे तासाची घंटा झाली होती. ते म्हणाले, "जा, पोरं वाट बघत असतील." आणि मी फोन ठेवला.